हॉल बुकिंग : संक्रांत १४ की १५? (आणि गणपतीचं काय?)

प्रेषक : विनय (खजिनदार)

मंडळी,
हॉलवाल्यांचा पुन्हा फोन आला. तीन वर्षांच्या तारखा एकदम दिल्या तर जुन्याच भाड्यात देतो म्हणतात, पण शुक्रवारपर्यंत कळवा. संक्रांतीसाठी मी सरळ जानेवारीचा तिसरा शनिवार टाकतोय. गणपतीला असं का करता येत नाही, हे त्यांच्या मॅनेजरबाईंना काही पटवता आलं नाही. मागच्यासारखा घोळ नको.
शिवाय मंडळाच्या कॅलेंडरवर २०२७ ची संक्रांत १४ छापायची की १५? पुण्याहून भाऊ १५ म्हणतोय.

प्रेषक : शुभदा

विनय, संक्रांत १४ लाच असते, त्यात विचारायचं काय? बाकीचे सण चंद्रावर, ही सूर्यावर. त्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो, आणि इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचंच, म्हणून तारीख जुळते. पानिपतसुद्धा १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीला झालं. १५ वगैरे हल्लीचं खूळ आहे.

प्रेषक : स्नेहल

गणपतीसाठी हाच हॉल घेणार असाल तर माझा विरोध नोंदवा. स्टेज एवढंसं आहे, मुलांचं नाटक बसत नाही. पार्किंगबद्दल तर मी बोलतच नाही.

प्रेषक : अरुण

शुभदाताई, सूर्याचं बरोबर, वळण्याचं नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत म्हणजे तो मकर राशीत शिरतो तो क्षण, आणि आपली रास ताऱ्यांवरून मोजलेली. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. उत्तरायणाचं नाव संक्रांतीला चिकटलं ते तेव्हापासून, आणि सुटलं नाही.

ताऱ्यांच्या हिशेबाने सूर्याची एक फेरी ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांची. इंग्रजी वर्ष सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. फरक वीस मिनिटांचा. म्हणजे संक्रांतही सरकतेच, पण ७२ वर्षांत एक दिवस. आपल्या हयातीत ते जाणवत नाही, म्हणून आपण तिला पक्की म्हणतो. मधल्या मधे १४-१५ अशी जी हलते ती लीप वर्षामुळे. दरवर्षी सहा तास पुढे जाते आणि २९ फेब्रुवारी तिला मागे खेचतो.

पानिपताचा हिशेब करून बघा. २०२५ ची संक्रांत भारतात १४ ला सकाळी नऊच्या सुमारास लागली. तिथून २६४ वर्षं मागे, दरवर्षी वीस मिनिटं, म्हणजे ८८ तास. १० जानेवारीची संध्याकाळ येते. लढाईच्या दिवशी, पौष शुद्ध अष्टमीला, संक्रांत होऊन गेली होती.

विनय, तुझ्या मॅनेजरबाईंसाठी : चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात. म्हणून गणपती १९ सप्टेंबर २०२३, मग ७ सप्टेंबर, मग २७ ऑगस्ट असा मागे मागे येतो. असाच येऊ दिला तर उन्हाळ्यात जाईल, म्हणून अधिक महिना घालतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला आणि गणपती एकदम १४ सप्टेंबरला गेला. या उड्यांना कुठला शनिवार लावणार?

प्रेषक : मंजिरी

काकांच्या हिशेबाला दुजोरा. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. शाळेत भाषणात दोन्ही गोष्टी पाठ म्हटल्या होत्या. संक्रांत १२ ला कशी, हा प्रश्न आज पडला.

प्रेषक : शुभदा

पानिपताबद्दल आम्हाला शाळेत वेगळं शिकवलं होतं. असो. १० जानेवारीला संक्रांत कोणी ऐकली आहे का?

प्रेषक : मिलिंद

मी ऐकली आहे, आमच्याच घरात! रत्नागिरीला आमच्याकडे टिळक पंचांग. संक्रांत अजूनही १० जानेवारीला. शेजारी १४ ला, आम्ही १० ला. लहानपणी दोन्हीकडे तिळगूळ मिळायचा, त्यामुळे आमची तक्रार नव्हती. मोठेपणी बाबांना कारण विचारलं. मेष रास नेमकी कुठल्या ताऱ्यापासून मोजायची यावर पंचांगवाल्यांत मतभेद आहे. टिळक पंचांगाचा आरंभ बाकीच्यांपेक्षा सुमारे चार अंश वेगळा. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून चार दिवसांचा फरक. तेव्हा कॅलेंडरवर १० पण छापा, बारीक अक्षरात चालेल.

प्रेषक : नीलिमा

हळदीकुंकवाची तारीख महिला समिती ठरवते, हे मागच्या सभेत ठरलं होतं. खजिनदारांनी परस्पर शनिवार वाटू नयेत. आणि जानेवारीच कशाला? रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. २०२४ ला १६ फेब्रुवारीपर्यंत सवड होती, आठवतंय ना? फेब्रुवारीचा पहिला शनिवार घ्या. वाण आणायलाही वेळ मिळेल.

प्रेषक : अरुण

नीलिमा, रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. ती तिथी, म्हणजे ती गणपतीच्या जातीची. २०२४ ला १६ फेब्रुवारी, पण २०२५ ला ४ फेब्रुवारी, आणि २०२६ ला तर २५ जानेवारी. फेब्रुवारीचा शनिवार तीन वर्षांसाठी बांधलास तर एखाद्या वर्षी सुगडं घेऊन रथसप्तमीनंतर बसाल.

विनयचा तिसरा शनिवार मात्र सहसा चुकणार नाही. मकर संक्रांत ज्या चांद्रमहिन्यात येते तोच पौष, नाव त्यावरूनच ठरतं. माघ लागतो तो संक्रांतीनंतरच्या अमावास्येनंतर, आणि त्यातली सप्तमी आणखी आठवड्याने. तिसरा शनिवार १५ ते २१ च्या मध्ये पडतो, तोवर रथसप्तमी उलटलेली नसते. संक्रांत पंधराच्या रात्री लागली तरच जरा बघावं लागेल.

प्रेषक : नीलिमा

समितीत मांडते. पण प्रश्न तारखेचा नाही, विचारण्याचा आहे.

प्रेषक : विनय (खजिनदार)

काका, १४ की १५? डिझाइन बुधवारी छपाईला जातंय.

प्रेषक : अरुण

भारतात २०२७ ला सूर्य मकरेत शिरतो गुरुवारी १४ ला, रात्री सव्वानऊच्या आसपास. सूर्यास्त उलटून गेलेला, म्हणून पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५. तुझा भाऊ चूक नाही. पण तोच क्षण आपल्या ईस्टर्न टाइमला गुरुवारी सकाळी पावणेअकराचा. ऐन दिवसा. इथल्या आकाशाप्रमाणे १४. मी १४ छापेन.

प्रेषक : शुभदा

म्हणजे मी पहिल्या मेलमध्ये म्हटलं तेच.

प्रेषक : मंजिरी

पण सासूबाई १५ ला व्हिडिओ कॉलवर ओवाळणार, बोरन्हाण त्यांच्यासमोर व्हायला हवं. घराघरात भारतातलीच तारीख पाळतात. १५ छापा आणि खाली टीप द्या.

प्रेषक : मिलिंद

टीप देणारच असाल तर १० विसरू नका.

प्रेषक : विनय (खजिनदार)

१४/१५ चं मतदान कमिटीच्या ग्रुपवर टाकतो. गणपतीच्या तिन्ही तारखांसाठी, काका, संध्याकाळी फोन करतो. हॉल तिसऱ्या शनिवारचा देऊन टाकला.

प्रेषक : नीलिमा

देऊन टाकला?