ट्रॅकिंगचे अलर्ट सरळ बंदच करावेत

मालधनी: कंट्रोल टॉवरच्या नावाखाली आमच्या गळ्यात एक रंगीबेरंगी स्क्रीन पडला आहे. दिवसभर अलर्टचा पाऊस, उघडून कोणी बघत नाही. आणि खरोखर अडकलेला कंटेनर मात्र शेवटपर्यंत हिरवा! माझं मत स्पष्ट आहे: अलर्ट बंद करा, रोज सकाळी फॉरवर्डरला फोन लावा. पटत नसेल त्यांनी बोलावं.

डेस्कवाली: अजिबात पटत नाही. फॉरवर्डरही बहुतेक वेळा जहाज कंपनीची, म्हणजे लाइनचीच माहिती वाचून दाखवतो. कंटेनर हिरवा का राहिला, ते आधी शोधा.

आमच्याकडे घडलेलं सांगते. कंटेनर 11 तारखेला मधल्या बंदरात उतरला, उतरल्याची DISC नोंद आली. 14 ला दुसऱ्या जहाजावर चढायचा होता. जहाज वेळेवर सुटलं, कंटेनर यार्डातच राहिला, चढल्याची LOAD नोंद काही आली नाही. पण नियम एवढाच होता की ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजी वेळ, बदलला तर कळवा. आणि ईटीए यायचा जहाजाची जागा सांगणाऱ्या एआयएसवरून. जहाज मजेत चाललेलं, त्यामुळे पोचायची 22 तारीख जागची हलली नाही. लाइनने नव्या जहाजाचं नाव कळवलं 20 ला. तोवर कारखान्याचं वेळापत्रक पक्कं झालेलं.

म्हणजे अलर्ट हवा तो न आलेल्या टप्प्यावर. जहाज प्रत्यक्ष सुटल्याची ACT नोंद आली आणि ठरल्या मुदतीत LOAD ची आली नाही, की वाजलं पाहिजे. मुदत सगळ्या लाइनना एकच ठेवू नका. घटना घडली कधी आणि आपल्यापर्यंत पोचली कधी, यातलं अंतर लाइनवार काढा. कोणी काही तासांत कळवतं, कोणाला दोन दिवस लागतात.

आणि रंग ठरवायचा तो हातात किती दिवस उरले यावर. ती जहाजसेवा आठवड्यातून एकदाची होती. पुढचं जहाज 21 ला, पोच 29 ला, तिथून कारखान्यापर्यंत 3 दिवस. माल हवा होता 27 ला. एवढं गणित 15 तारखेलाच मांडता येत होतं. तोच माल महिनाभर नको असता तर यादीत नुसती नोंद पुरली असती.

नकाशाप्रेमी: उगाच एआयएसवर खापर फोडताय. आम्ही एआयएसवरचा अंदाजी ईटीए घेतल्यापासून बंदरावरचा गोंधळ बराच कमी झालाय.

डेस्कवाली: झाला असेल. जहाज कुठे आहे ते एआयएस चोख सांगतं. तुमचा डबा त्यावर चढलाय की नाही, हे त्याला काय ठाऊक?

नवखा_17: ग्राहकाला ट्रॅकिंगची लिंक पाठवायला कोणतं सॉफ्टवेअर बरं?

चाकांवर: समुद्राचं राहू द्या हो, खरा ताप रस्त्यावर आहे. माझ्या एका पार्टीने जिओफेन्स, म्हणजे पोच मोजायचं नकाशावरचं वर्तुळ, अगदी गेटला चिकटवून आखलाय. गाडी बाहेर रांगेत रात्रभर उभी, पण त्यांच्या स्क्रीनवर "पोचली नाही". वर "उशीर" म्हणून अलर्ट, आणि ड्रायव्हरला झोपेतून उठवून विचारणा. गाडी खोळंबल्याचे पैसे, म्हणजे डिटेन्शन मागायला गेलं की म्हणतात, सिस्टिममध्ये पोच सकाळची आहे.

मालधनी: आणि तुमचे ड्रायव्हर? दहा किलोमीटर अलीकडे जेवायला थांबून अ‍ॅपमध्ये "पोचलो" दाबतात. ते कोणी सांगायचं?

चाकांवर: तो जेवतो याचंही दुःख आहे का तुम्हाला? एक रात्र काढून बघा त्या रांगेत, मग बोला. तुमची व्हिजिबिलिटी म्हणजे आमच्यावर पहारा, तुमचं गेट मात्र कधी लाल होत नाही.

नकाशाप्रेमी: मग वर्तुळ मोठं करा, विषय संपला.

चाकांवर: मोठं केलं की शेजारच्या हमरस्त्यावरून नुसत्या जाणाऱ्या गाड्याही "पोचतात". तेही बघून झालंय.

डेस्कवाली: दोन वर्तुळं लागतात. बाहेरच्यात रांगेची जागा येते, आतलं फक्त गेटचं. बाहेरच्यात गाडी ठरावीक वेळ थांबली तरच पोच धरायची, म्हणजे जाणाऱ्या गाड्या गळतात. दोन्ही वेळा नोंदल्या की मधला काळ कोणाच्या खात्यात, ते उघड दिसतं. अ‍ॅपमधल्या बटणाला एकट्याला पुरावा मानू नये, हे मालधनींचं बरोबर आहे.

चाकांवर: दिसेल हो. बिल मंजूर करणाऱ्याने बघायची इच्छा पाहिजे ना! करारात बाहेरची वेळ लिहून द्यायला एकही पार्टी तयार नाही.

मालधनी: असो. LOAD चा नियम लावून बघतो, ताईंच्या समाधानासाठी. फोन मात्र सोडणार नाही. आणि तो लाल अलर्ट उचलायचा कोणी? आमच्याकडे प्लॅनिंग म्हणतं लॉजिस्टिक्सने, लॉजिस्टिक्स म्हणतं प्लॅनिंगने.

डेस्कवाली: ज्याच्या हातात वेळापत्रक बदलणं आहे, त्याने.

मालधनी: तो मीटिंगमध्ये असतो.

चाकांवर: आणि माझी गाडी गेटबाहेर.