वर्गणीच्या स्मरणपत्राचा नवा मसुदा: सूचना हव्यात

मीनल (चिटणीस):
नमस्कार मंडळी,

वर्गणीचं स्मरणपत्र या आठवड्यात पाठवायचं आहे. गेल्या वर्षीचा मजकूर खाली देते. वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे कुटुंबाची वर्गणी ३० पौंडांवरून ३६ आणि एकट्या सभासदाची १८ वरून २० झाली आहे, तेवढे आकडे बदलून पाठवणार होते. पण गेल्या वेळी पत्र गेल्यावर खजिनदारांना आठवडाभर फोन येत होते, म्हणून आधी इथे टाकतेय.

> सप्रेम नमस्कार. आपले मंडळ आपणा सर्वांच्या सहकार्याने उत्तरोत्तर प्रगती करत आहे. तरी ज्या सभासदांनी अद्याप वार्षिक वर्गणी भरलेली नाही, त्यांनी ती लवकरात लवकर भरून सहकार्य करावे, ही नम्र विनंती. वर्गणी कुटुंबासाठी ३० व वैयक्तिक १८ पौंड असून ती ऑनलाइन, चेकने अथवा समक्ष भरता येईल. अंतिम तारीख ३१ मार्च. आधीच भरली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे.

सुलभाताई:
मीनल, आमची वर्गणी मी गणपतीत काउंटरवर रोख दिली होती, पावतीही आहे. तरी पुन्हा का मागताय? गेल्या वर्षीही असंच झालं होतं.

मीनल:
सुलभाताई, तुम्हाला मागत नाहीये हो! हा फक्त मसुदा आहे, सगळ्यांनी वाचून सुचवावं म्हणून टाकलाय. पण गणपतीत दिलेली रोख चालू वर्षाची होती की १ एप्रिलपासूनच्या, ते पावतीवर बघाल का?

सुलभाताई:
पावतीवर नुसतं 'वर्गणी' लिहिलंय. वर्ष नाही.

शिरीषकाका (माजी खजिनदार):
मीनल, नुसते आकडे बदलून भागणार नाही. या पत्रातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य शेवटचं आहे, 'आधीच भरली असल्यास दुर्लक्ष करावे'. वर्गणी वाढलेल्या वर्षी तर ते चालणारच नाही.

आपल्याकडे बरीच कुटुंबं स्टँडिंग ऑर्डरने भरतात. एकदा बँकेत लावून दिली की दर वर्षी १ एप्रिलला ३० पौंड आपोआप येतात. अशा माणसाने हे पत्र वाचलं तर तो म्हणणार, 'माझी तर आपोआप जाते, मला लागू नाही.' आणि १ एप्रिलला त्याचे ३० पौंड येणार, म्हणजे ६ कमी. बँकेच्या पत्रकावर तो भरलेला दिसतो आणि आपल्या यादीत अर्धवट राहतो. मग त्या ६ पौंडांसाठी कुणी कुणाला फोन करायचा? मागच्या वेळी वर्गणी वाढली तेव्हा हे फोन मीच केले होते. लोक चिडत नाहीत, पण 'सहा पौंडांसाठी?' हा प्रश्न ऐकून करणाऱ्याला मात्र कानकोंडं होतं.

दुसरी गोम तारखेची. आपली अंतिम तारीख ३१ मार्च आणि स्टँडिंग ऑर्डर १ एप्रिलची. म्हणजे सगळ्यात शिस्तीने भरणारी माणसं कागदोपत्री एक दिवस उशिरा! आजवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण तारीख उलटल्यावर काय होतं ते आपण कधी लिहिलंच नाही.

अनिकेत:
काका, यात अवघड काय आहे? स्टँडिंग ऑर्डरचा आकडा आपणच बँकेला कळवून ३६ करून घेऊ. माझ्या जिमने गेल्या वर्षी फी वाढवली, मला काहीच करावं लागलं नाही.

आणि आणखी एक, वर्गणीवर गिफ्ट एड घ्या. दर पौंडामागे सरकार २५ पेन्स देतं. ३६ चे ४५ होतील, मग वाढ करायचीच गरज नव्हती.

शिरीषकाका:
अनिकेत, जिमचं डायरेक्ट डेबिट असणार. त्यात रक्कम घेणारा ठरवतो आणि तुला आधी कळवतो. स्टँडिंग ऑर्डर ही पैसे देणाऱ्याने स्वतःच्या बँकेला दिलेली सूचना असते. ती फक्त तोच बदलू शकतो, आपण तिला हातही लावू शकत नाही. म्हणून पत्रात सरळ सांगावं लागेल: बँकेच्या अ‍ॅपमध्ये जा, मंडळाची स्टँडिंग ऑर्डर उघडा, ३० चे ३६ करा. तेही महिनाअखेरची वाट न पाहता, कारण पैसे निघायच्या आदल्या दिवशी केलेला बदल बँक धरेलच असं नाही.

गिफ्ट एडबद्दल तुझा हिशेब बरोबर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. मंडळाला एचएमआरसीने धर्मादाय संस्था म्हणून मान्यता दिलेली हवी, आणि सभासदाला वर्गणीच्या बदल्यात जे मिळतं त्याच्या किमतीवर मर्यादा आहे. पहिल्या शंभर पौंडांपर्यंत ती २५ टक्के. म्हणजे ३६ पौंडांवर ९ पौंड. चार जणांच्या कुटुंबाला संक्रांतीचं जेवण फुकट दिलं की तिथेच ती ओलांडली जाईल. शिवाय देणाऱ्याने त्या वर्षी तेवढा कर भरलेला हवा आणि त्याचा होकारही. हा विषय कार्यकारिणीत घ्या, या पत्रात नको.

मीनल:
काका, फोन मुख्यतः दोन गोष्टींवरून आले होते. एक, 'बँक म्हणते खात्याचं नाव जुळत नाही, पाठवू का नको?' आणि दुसरी, 'मी भरलेत, तरी यादीत माझं नाव का नाही?'

शिरीषकाका:
पहिल्याचं कारण आपणच आहोत. आपण नुसतं 'ऑनलाइन भरा' म्हणतो. लोक नव्याने खातं जोडताना नावाच्या जागी आपल्या मंडळाचं बोलीतलं छोटं नाव टाकतात. बँकेत मंडळ पूर्ण नावाने नोंदलेलं आहे. २०२० पासून बँका नाव ताडून पाहतात, आणि जुळलं नाही की इशारा देतात. माणूस घाबरतो, आणि घाबरावंच. आजकाल खोट्या ईमेलवरून पैसे पळवण्याचे प्रकार कमी नाहीत. म्हणून खात्याचं नाव बँकेच्या पत्रकावर आहे तसं, अक्षरन् अक्षर, पत्रात द्या. खात्याचा प्रकार विचारला तर 'बिझनेस' निवडा, हेही लिहा. 'पर्सनल' निवडलं तर नाव बरोबर असूनही इशारा येऊ शकतो. आणि 'मंडळाचं खातं बदललेलं नाही' हे वाक्य टाकाच. उद्या कुणी आपल्या नावाने वेगळा खाते क्रमांक पाठवला तर निदान लोक थांबतील.

दुसऱ्याचं कारण रेफरन्स. मी पत्रकावर काय काय पाहिलंय! कुणी MEMBERSHIP, कुणी GANPATI, कुणी नुसतं Thanks. पैसे जोडीदाराच्या खात्यातून आले की आडनावही वेगळं असतं. देशपांडेंची वर्गणी जोशींच्या नावाने आली तर खजिनदाराने ओळखायचं कसं? त्या रकान्यात १८ अक्षरं मावतात, म्हणून सभासद क्रमांक आधी आणि आडनाव नंतर, असं:

```
M142 DESHPANDE
```

लांब आडनाव शेवटी कापलं गेलं तरी चालेल, क्रमांक शाबूत राहतो.

अनिकेत:
पण सभासद क्रमांक कुणाला पाठ असतो? मला माझा माहीत नाही.

मीनल:
ते खरंय. सगळ्यांना एकच पत्र न पाठवता यादीवरून प्रत्येकाला वेगळं पाठवलं तर त्याचा क्रमांक आणि त्याची रक्कम त्यातच येईल. मग स्टँडिंग ऑर्डरवाल्यांना वेगळा परिच्छेदही देता येईल. थोडं काम आहे, पण फोनांपेक्षा कमी. हा बघा नवा मसुदा, स्टँडिंग ऑर्डरवाल्या कुटुंबासाठीचा:

> विषय: सभासद M142, वर्गणी ३६ पौंड, ३१ मार्चपर्यंत
>
> नमस्कार,
>
> १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षाची आपल्या कुटुंबाची वर्गणी ३६ पौंड आहे. गेल्या वर्षी ती ३० होती. वाढ वार्षिक सभेत मंजूर झाली.
>
> आपण स्टँडिंग ऑर्डरने भरता, असं आमच्या नोंदीत आहे. ती ३० पौंडांची आहे आणि तिची रक्कम फक्त आपणच बदलू शकता. कृपया २५ मार्चपर्यंत ती ३६ पौंड करा. १ एप्रिलला जमा होणारी स्टँडिंग ऑर्डर वेळेत आली, असंच धरलं जाईल.
>
> एकदाच ट्रान्सफर करायचं असेल तर आधी स्टँडिंग ऑर्डर रद्द करा, म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत. खात्याचं नाव, सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक खाली आहेत. खात्याचा प्रकार: बिझनेस. रेफरन्स: M142 DESHPANDE. मंडळाचं खातं बदललेलं नाही.
>
> चेक खात्याच्या पूर्ण नावाने लिहा, मागे M142 लिहा आणि ३१ मार्चपर्यंत खजिनदारांच्या हाती पडेल असा पाठवा.
>
> ३१ मार्चनंतर वर्गणी भरता येईल, पण ती जमा होईपर्यंत सभासदांच्या दराने तिकिटं मिळणार नाहीत.

'प्रगती', 'सहकार्य' वगैरे काढून टाकलंय. कुणाला राग येणार नाही ना?

सुलभाताई:
राग कसला, पण 'आपला स्नेह असाच राहो' एवढं तरी शेवटी ठेव गं. नुसतं वीजबिल वाटतंय. आणि रोखीचं काय? त्यात लिहिलंच नाहीस.

शिरीषकाका:
स्नेह ठेवा, शेवटी एका ओळीत. वर मात्र नको, मोबाइलवर पहिल्या तीन ओळीच दिसतात आणि त्यात रक्कम आणि तारीख आलीच पाहिजे.

तारीख आकड्यांत लिहिली नाहीस हे उत्तम केलंस. आपल्या यादीत अमेरिकेहून बदलून आलेली कुटुंबं आहेत. 01/04 लिहिलं की त्यांना आधी जानेवारी दिसतो.

एकच दुरुस्ती. 'स्टँडिंग ऑर्डर रद्द करा' हे वाक्य वाचून काही जण रद्द करतील आणि ट्रान्सफर विसरतील. माझ्या अनुभवात असे दर वर्षी दोघे-तिघे निघतातच. ते वाक्य 'आधी ट्रान्सफर करा, मग १ एप्रिलच्या आत स्टँडिंग ऑर्डर रद्द करा' असं फिरव.

मीनल:
फिरवते. रोखीबद्दल मात्र कार्यकारिणीत एकमत नाही. खजिनदारांना ती बंदच हवी आहे, कारण कार्यक्रमाच्या गर्दीत कोणत्या वर्षाची वर्गणी घेतली ते लिहायचं राहून जातं. पण बरेच ज्येष्ठ सभासद रोखच देतात. तूर्त पत्रात 'रोख फक्त खजिनदारांकडे, वर्ष लिहिलेली पावती घेऊन' असं टाकते.

सुलभाताई:
आणि माझी गणपतीतली?

मीनल:
ताई, पावतीचा फोटो मला पाठवा. किती पौंड लिहिलेत त्यावर?

सुलभाताई:
तीस.

शिरीषकाका:
मग ती चालू वर्षाची. गणपतीच्या वेळी नवा दर ठरलाच नव्हता.

सुलभाताई:
बरं. मग छत्तीस द्यायचेत तर. पण मी ट्रान्सफर नाही करणार, चेक देईन. खजिनदारांचा पत्ता कुठेय?

मीनल:
तो या लिस्टवर नको टाकायला, तुम्हाला वेगळा पाठवते. पत्रातही 'पत्त्यासाठी या ईमेलला उत्तर द्या' असंच लिहिते.