मदत हवी आहे: ‘आठवड्यातून एकदाच’ हे चित्रातून कसं दाखवावं?

तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. सांधेवाताच्या एका आजींना मेथोट्रेक्सेट सुरू झालंय: २.५ मिग्रॅच्या ३ गोळ्या, एकत्र, फक्त सोमवारी. फॉलिक ॲसिड गुरुवारी. आजींना वाचता येत नाही, घरी मोबाइल नाही, मुलगा ऊसतोडीला गेलाय. चुकून रोज घेतल्या तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवावरही बेततं. म्हणून धास्ती वाटते.

रोजच्या गोळ्यांना सूर्य-चंद्राची चित्रं चालतात. इथे सात चौकोन काढून एकच रंगवला, तर आजी म्हणाल्या, “सात गोळ्या ना?” लाल फुली मारली, ती त्यांना दवाखान्याची खूण वाटली. सोमवार गावच्या बाजाराचा, म्हणून भाजीची टोपली काढली. ती लगेच कळली. पण ‘इतर दिवशी नाही’ हे चित्रात येईना.

सध्या चारच आठवड्यांच्या गोळ्या, पट्टीतून न काढता, तीन-तीनच्या चार पाकिटांत देतो आणि आजींकडून परत वदवून घेतो. दोन्ही गोळ्या पिवळ्या, ही वेगळी अडचण. प्रिंटर काळा-पांढराच आहे.

‘बाकी दिवशी नाही’ हे दाखवणारं, निरक्षर रुग्णांना खरंच कळलेलं चित्र कुणाकडे आहे का? आणि गुरुवारच्या पाकिटाला हाताला कळेल अशी कोणती खूण करता?