‘नगण्य’ म्हणजे कशाच्या मानाने?

नवीपेठ_बीएस्सी
एका शब्दावर अडले आहे. शिकवणीच्या चाचणीत ही एकांतर श्रेणी होती, n = 2 पासून पुढे:

Σ (−1)ⁿ / (√n + (−1)ⁿ)

मी लिहिलं की √n पुढे छेदातला (−1)ⁿ नगण्य आहे, म्हणून ही श्रेणी Σ (−1)ⁿ/√n सारखीच वागेल. ती लायब्नित्सच्या कसोटीने अभिसारी आहे, म्हणून हीपण अभिसारी, म्हणजे बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावणार. ५ पैकी ० मिळाले आणि ‘नगण्य’खाली लाल रेघ. पण n = १०,००० घेतलं तर √n १०० होतो, त्यात एक मिळवला तर पद जेमतेम एका टक्क्याने बदलतं. पुढे तर टक्कापण राहत नाही. मग याला नगण्य नाही म्हणायचं तर कशाला? माझा शब्द चुकला की गणित?

चाटीगल्ली
ताई, मला वाटतं घोळ ‘एकांतर श्रेणी’ या शब्दात आहे. एकांतर म्हणजे एकाआड एक. मग एकाआड एक पद गाळायचं ना? आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी म्हणतात तेव्हा मधला दिवस कोरडाच जातो.

नवीपेठ_बीएस्सी
नाही काका, पद कुठलंच गाळायचं नाही. फक्त चिन्ह बदलत जातं, एक अधिक, एक उणे.

अक्कलकोटकर
उत्तर सोपं आहे. लायब्नित्सच्या कसोटीत पदांचं मूल्य सतत उतरत गेलं पाहिजे. तुझी पदं काढून बघ: 0.414, 1.366, 0.333, 0.809, 0.290, 0.608. वरखाली होतायत. अट मोडली, म्हणजे श्रेणी अपसारी. विषय संपला.

होटगीरोड_निवृत्त
अक्कलकोटकर, तुमची पदं बरोबर आहेत आणि अट मोडते हेही खरं. पण ‘अट मोडली म्हणजे अपसारी’ हे खरं नाही. अट मोडली की ती कसोटी गप्प बसते, विरुद्ध निकाल देत नाही. (−1)ⁿ/n + 1/n² घ्या. n = 3 ला मूल्य 0.222 आणि n = 4 ला 0.3125, म्हणजे इथेही पदं वरखाली होतात, शेवटपर्यंत होत राहतात. तरी ती श्रेणी अभिसारीच आहे, कारण ती दोन अभिसारी श्रेणींची बेरीज आहे.

आता बाळ, तुझं गणित. इथे अंदाज नको, पद फोडून बघू. अंश आणि छेद दोन्हींना √n − (−1)ⁿ ने गुण. छेद n − 1 होतो आणि पद असं सुटतं:

(−1)ⁿ √n/(n−1) − 1/(n−1)

पहिला भाग चिन्ह बदलत, उतरत शून्याकडे जातो, त्याला लायब्नित्स लागू पडतो. दुसऱ्या भागात (−1)ⁿ राहिलाच नाही. वरचा (−1)ⁿ आणि छेदातून वर आलेला (−1)ⁿ एकमेकांना गुणले गेले आणि नेहमी 1 झाले. तू ज्याला नगण्य म्हणालीस त्याच्याकडे चिन्ह बदलण्याची सोय उरली नाही. तो दर वेळी उणेच येतो, आणि 1 + 1/2 + 1/3 + … ही बेरीज कुठेही थांबत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन-दोन पदं जोडून घे. 0.414 − 1.366 = −0.952. पुढची जोडी −0.476. त्यापुढची −0.318. जवळजवळ −1, −1/2, −1/3 असंच चाललंय. मुख्य भागाची अधिक-उणे पदं जोडीत एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात, आणि हातात तुझं ‘नगण्य’च उरतं. म्हणून तुलना मोठ्या पदाशी करायचीच नाही. ते मोठं पद बेरजेत टिकत नाही.

सूतवाला
सर, हे मला माझ्या वहीसारखं वाटतंय. मी यंत्रमागवाल्यांना सूत पुरवतो. माल गेला, पैसे आले, जमा-नावे तंतोतंत जुळतं. पण दर बिलावर हमाली जाते, ती परत कुठून येत नाही. बिल लाखाचं आणि हमाली शे-दोनशेची, म्हणून आधी मी तिकडे बघतच नव्हतो. वर्षाअखेरीस तीच रक्कम डोळ्यांत आली.

होटगीरोड_निवृत्त
तुम्ही गाभा धरलात. उलाढाल दोन्ही बाजूंनी फिटते, एका बाजूने जाणारं मात्र साठतं. पण एक फरक आहे. तुमची हमाली दर बिलाला साधारण तेवढीच असते. तिथे बेरीज वाढणारच, त्यात गोंधळायला जागाच नाही. इथे हमाली स्वतः शून्याकडे जाते आहे, तरी पुरेशा वेगाने जात नाही. ती 1/n² च्या वेगाने उतरली असती तर जन्मभराची हमाली मिळूनही ठरावीक रकमेपुढे गेली नसती.

नवीपेठ_बीएस्सी
सर, मी काल रात्री संगणकावर बेरीज केली. n = १०,००० पर्यंत सुमारे −8.9 आली. १० लाखांपर्यंत −13.5. मला वाटलं थांबेल कुठेतरी, इतकी हळू सरकते.

होटगीरोड_निवृत्त
आकडे बरोबर आहेत. पदं शंभरपट वाढवलीस आणि बेरीज सुमारे 4.6 ने खाली गेली. पुढच्या शंभरपटीलाही तेवढीच जाईल, त्यापुढेही. छापलेली बेरीज बघून इथे फसायला होतं, म्हणून शंभरपटीचा फरक काढत जा. फरक घटत शून्याकडे गेला तर अभिसरणाची आशा. तेवढाच राहिला तर समजायचं की 1/n आत दडलेला आहे.

अक्कलकोटकर
सर, मग दोन श्रेणींच्या पदांचं गुणोत्तर 1 कडे गेलं की दोन्ही श्रेणी सारख्या वागतात, हे आम्ही शिकलो ते खोटं?

होटगीरोड_निवृत्त
खोटं नाही, पण ते सगळी पदं एकाच चिन्हाची असताना. तिथे काही फिटत नाही, सगळं साठतं, म्हणून एक टक्क्याचा फरक एक टक्काच राहतो. चिन्ह बदलायला लागलं की ती हमी जाते. पुस्तकात ही अट कसोटीच्या पहिल्याच ओळीत असते आणि मुलं नेमकी तीच ओळ ओलांडून पुढे जातात. पस्तीस वर्षांत मी हे बघत आलो.

वेशीजवळ
शब्दाबद्दल मी बोलतो, मराठी शिकवतो. नगण्य म्हणजे न + गण्य, जे गणतीत धरू नये ते. अग्रगण्य म्हणजे गणतीत पहिला, तोच ‘गण्य’. म्हणजे शब्दातच गणती आहे. ताई, तुम्ही ते पद ‘लहान’ आहे हे दाखवलं, ‘गणतीत न धरण्याजोगं’ आहे हे दाखवलं नाही. लाल रेघ बरोबर जागी पडली. माझ्या मते इथे ‘तुलनेने लहान’ लिहावं आणि नगण्य हा शब्द सिद्धतेनंतर वापरावा.

होटगीरोड_निवृत्त
मला ते पटत नाही. पदाच्या मानाने नगण्य म्हणायला हरकत नाही, फक्त ‘कशाच्या मानाने’ हे सोबत लिहावं. भौतिकशास्त्रवाले रोज म्हणतात.

वेशीजवळ
रोज म्हणतात म्हणूनच ही मुलगी फसली, सर.

नवीपेठ_बीएस्सी
मी छेदात √n ऐवजी n घालून बघितलं. तिथे उरलेला भाग −1/(n²−1) येतो आणि श्रेणी अभिसारी निघते. मग n चा घात p घेतला. उरलेल्या भागात मुख्य −1/n²ᵖ येतो, म्हणजे p अर्ध्यापेक्षा जास्त असेल तरच चालतं. 0.6 ला चालतं, आणि नेमक्या अर्ध्याला, म्हणजे माझ्या √n लाच, मोडतं. सर, घात अर्ध्याहून कमी असताना पुढचे (−1)ⁿ/n³ᵖ वगैरेसारखे भागपण तपासावे लागतील ना?

होटगीरोड_निवृत्त
n³ᵖ वाला परत चिन्ह बदलतो, त्याचं भय नाही. n⁴ᵖ वाला उणेच येतो, तो बघ. पण p शून्याहून मोठा असेल तर तो n²ᵖ वाल्यापेक्षा लहान, आणि दोघं एकाच बाजूचे.