सगळेच गल्लक भरत बसतात, त्यावर उपाय

«खर्च आणि बचत शिकवायच्या खेळात मुलं एक रुपयाही खर्च करत नाहीत. सगळे पैसे गल्लकात टाकतात आणि जिंकतात. मग शिकतात काय?»

दोष मुलांचा नाही, गुण देण्याच्या पद्धतीचा आहे. जिंकणं फक्त साठलेल्या पैशांवर ठरवलंत, तर कंजूषच जिंकणार. आमच्या सोसायटीत, इथे नाशिकला गंगापूर रोडला, दहा ते बारा वयाच्या चौघांबरोबर खेळताना हेच झालं, म्हणून नियम बदलले.

आठ फेऱ्या, म्हणजे आठ आठवडे. दर आठवड्याला १०० रुपये, त्यातले ३० वही-पेनात सक्तीने जातात. उरले ७०. संक्रांतीसाठी पतंग-मांजाचा संच ३२० चा, तो मिळाला की १० गुण. मिसळ किंवा बर्फाचा गोळा ३० ला, १ गुण. पण आठवड्यात जास्तीत जास्त दोनच, आणि हुकलेला गोळा पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाही. सगळी गंमत याच अटीत आहे.

आता मोजा. दर आठवड्याला ७० साठवणारा पाचव्या फेरीत संच घेतो, उरलेल्या तीन फेऱ्यांत सहाच गोळे खातो: १६. दर आठवड्याला दोन गोळे खाऊन चैन करणाऱ्याचे सोळा गोळे: तोही १६. दर वेळी ४० बाजूला टाकून एक गोळा खाणाऱ्याचे १८.

आणि हो, किती साठवणार ते फेरी सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. नाहीतर शेजाऱ्याची मिसळ पाहून बेत बदलतो.