दुकान रंगवल्यावर गिऱ्हाइकाला काय आवडलं? अनुभव लिहा

साडीवाला, मिरज
सुरुवात मी करतो. आमच्या दुकानाचा डिस्टेंपर इतका विटला होता, की भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची. दिवाळीआधी हौसेनं आतून पोपटी रंग काढला. येईल तो म्हणायचा, छान झालं! पण बायका साडी उचलून पायरीवर उन्हात जायला लागल्या. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडं मोतिया साडी हिरवी दिसते." मी पांढरं धोतर भिंतीजवळ धरलं, तर कडेला हिरवी झाक. दुकानाच्या मध्यभागी नेलं, तर पांढरं स्वच्छ. पोपटी त्यांना आवडला होता, पण साडीवर पडलेला नको होता. आता आत मळकट पांढरा आणि पोपटी फक्त दर्शनी भागाला. उन्हात जाणं बरंच कमी झालंय.

रंगकाम करणारा
बरोबर पकडलंत. भिंत उजेडाबरोबर आपला रंगही फेकते. छत तर पांढरंच ठेवायचं. शेडकार्डावरच्या इवल्या चौकोनावर जाऊ नका, भिंतीवर तोच रंग गडद वाटतो. दोन फुटांचा पट्टा मारून सकाळी आणि रात्री दिवे लावून बघायचा. आणि पाठीला लागायची ती भुकटी खरवडून, धुऊन, प्रायमर मारलात ना? नाहीतर पोपडे निघतील.

साडीवाला, मिरज
एका भिंतीला घाई केली, दादा. तिथंच पोपडे सुटलेत.

रेडिमेडवाला
माझ्या मते दोष रंगाचा नाही, ट्यूबचा. पिवळसर दिवे लावा, कापड खुलतं.

साडीवाला, मिरज
लावून पाहिले. लाल, केशरी खुलले हो, पण गडद निळी आणि काळी साडी शेजारी ठेवली की ओळखेना. एक ताई निळी समजून काळी घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी बदलायला आल्या.

शिलाईवाली ताई
आमच्याकडं संक्रांतीला काळा, श्रावणात हिरवा, आणि नवरात्रात तर रोजचा रंग ठरलेला. त्या नऊ दिवसांत करड्या ब्लाउजपीसलाही मागणी असते, एरवी कुणी विचारत नाही.

साडीवाला, मिरज
ताई, मी भिंतीचं विचारत होतो, पण करड्याचं लक्षात ठेवतो.

किराणावाला
माझी पाटी पश्चिमेला. लाल अक्षरं दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडली, काळी तशीच आहेत. गिऱ्हाईक मात्र "लाल पाटीचं दुकान" म्हणूनच पत्ता सांगतं, त्यामुळं बदलवत नाही. काय करावं?

रंगकाम करणारा
गेरूचा लाल उन्हात टिकतो, पण तो विटकरी दिसतो. भडक लाल हवा तर वर छज्जा काढा, तरी पश्चिमेचं तिरपं ऊन पाटीवर येणारच.

किराणावाला
विटकरी पाटी गिऱ्हाइकाला ओळखू येईल का, तेवढंच बघायचंय. आधी एकच अक्षर रंगवून घेतो.