इब्री ११:१ मधला 'भरवसा': मनाची खात्री, की मालकीचा कागद?

शांतवन:
जय ख्रिस्त. परवा आमच्या मंडळीत बाहेरगावच्या एका पाहुण्या वक्त्यांचा संदेश झाला. वचन होतं इब्री ११:१, "विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे." ते म्हणाले, 'भरवसा' हे भाषांतर पातळ आहे. मूळ ग्रीक शब्द हुपोस्तासिस, आणि त्याचा अर्थ मालकी हक्काचा दस्त. म्हणजे विश्वास ठेवला की घर, नोकरी, जे मागाल त्याचा कागद हातात आला, आता फक्त ताबा घ्यायचा. मला हे पचलं नाही. पण ग्रीक येत नसल्यामुळे गप्प बसले. खरंच असा अर्थ आहे का?

पाणवठा:
नाही. आपल्या बायबलातला 'भरवसा' बरोबर आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात हाच अर्थ घेतला. याच पत्रात ३:१४ काढून बघा: "आपला आरंभीचा भरवसा शेवटपर्यंत दृढ धरला तर". तिथेही हुपोस्तासिसच आहे. धरून ठेवायची गोष्ट आहे, म्हणजे ती माणसाच्या आतली आहे. दस्त, खरेदीखत वगैरे हल्लीच्या समृद्धीवाल्यांनी काढलेलं खूळ आहे.

गिरिज_वसई:
पाणवठा, ३:१४ सांगितलंत आणि १:३ सोडून दिलंत. पुत्र हा देवाच्या "तत्त्वाचे प्रतिरूप" आहे असं तिथे म्हटलंय. त्या 'तत्त्व'च्या जागी ग्रीकमध्ये काय आहे? हुपोस्तासिसच. एकाच पत्रात, एकाच लेखकाचा तोच शब्द आपल्या मराठी बायबलात एकदा तत्त्व होतो आणि दोनदा भरवसा. १:३ मध्ये भरवसा घालून वाचा, देवाच्या भरवशाचे प्रतिरूप! काही अर्थ लागतो का?

लॅटिन बायबलाने इथे सुब्स्तान्तिया, म्हणजे तत्त्व, ठेवलं. कॅथलिक परंपरा तेच धरून आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००७ च्या आशेवरच्या परिपत्रात या एका वचनावर अख्खा परिच्छेद आहे. त्यांचं म्हणणं असं की विश्वासामुळे येणाऱ्या गोष्टींचा काही अंश आजच, खरोखर, आपल्यात उतरतो. आपल्याला कसं वाटतं यावर ते अवलंबून नाही. ल्यूथरचा अर्थ भाषेच्या दृष्टीने टिकत नाही, हे गेल्या शतकातल्या प्रॉटेस्टंट अभ्यासकांनीही कबूल केलंय. वचनाचा दुसरा अर्धा भाग बघा. तिथला एलेंखोस हा कोर्टकचेरीत चालणारा शब्द, पुरावा. पहिला अर्धा मनातली भावना आणि दुसरा बाहेरचा पुरावा, असं कोण लिहील?

देवाची_लेकरू:
मला एवढं ग्रीक कळत नाही. पण आम्ही हेच वचन धरून सात वर्षं भाड्याच्या खोलीत प्रार्थना केली, कर्ज मंजूर झालं, आज पिंपरीत स्वतःचं घर आहे. तुम्ही काहीही म्हणा, आमच्यासाठी ते वचन कागदच ठरलं. पाहुण्या पाळकांवर उगाच टीका नको.

अलेफ:
थोडं सविस्तर लिहितो, कारण 'हल्लीचं खूळ' हे बरोबर नाही आणि वक्त्यांनी जे केलं तेही बरोबर नाही.

दस्त हा अर्थ समृद्धीवाल्यांच्या आधीचा आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यातून ग्रेनफेल आणि हंट यांनी पपायरसचे कागद उकरून काढले. त्यांच्या १८९९ च्या दुसऱ्या खंडात २३७ क्रमांकाचा एक लांबलचक अर्ज आहे. दिओनिसिया नावाच्या बाईने बापाशी चाललेल्या मालमत्तेच्या तंट्यात इ.स. १८६ मध्ये रोमी सुभेदाराकडे केलेला. आपली बाजू भक्कम करायला तिने जुने हुकूम उतरवून जोडलेत, त्यांत इ.स. ८९ चा सुभेदार मेत्तियस रूफस याचा एक आहे. जमिनीच्या दफ्तरात घोळ माजलाय, तेव्हा प्रत्येक मालकाने सहा महिन्यांत आपली मालमत्ता नोंदवावी, असा तो हुकूम. या नोंदींना तिथे हुपोस्तासिस म्हटलंय. यावरून मोल्टन आणि मिलिगन यांनी १९२९ साली पुऱ्या झालेल्या आपल्या कोशात सुचवलं की इब्री ११:१ चं भाषांतर 'विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींचा मालकीदस्त' असं करावं. संदेशांत फिरतं ते हेच, बहुतेक वेळा पपायरसचं नाव न घेता.

आता तो हुकूम जवळून वाचा. स्थानिक कायद्याने ज्या बायकांचा नवऱ्याच्या मालमत्तेवर हक्क आहे, त्यांनी तो नवऱ्याच्या हुपोस्तासिसमध्ये नोंदवून घ्यावा. मुलांनीही आईबापांच्या नोंदीत तसंच करावं, जिथे वहिवाट आईबापांची ठरलेली आहे पण त्यांच्या मागे मालकी मुलांची आहे. कारण दिलंय की त्यांच्याशी व्यवहार करणारा अजाणता फसू नये. शिवाय दफ्तरदारांनी दर पाच वर्षांनी वह्या नव्याने लिहायच्या आणि प्रत्येक नावाची शेवटची हुपोस्तासिस गाववार पुढे आणायची. म्हणजे हुपोस्तासिस ही एखाद्या नावावर असलेली मालमत्ता, किंवा त्या मालमत्तेची दफ्तरातली नोंद. विकत घेणाऱ्याच्या हातात पडणारं खरेदीखत असा अर्थ या मजकुरातून काढायचा तर ओढूनताणून काढावा लागतो.

निवृत्त तलाठी:
अहो, हा तर सरळ सातबारा झाला! बायकोमुलांचे हक्क लिहायचे म्हणजे आपला 'इतर हक्क' रकाना. मी नोकरीभर लोकांना सांगत आलो की सातबारा ही महसुलाची नोंद आहे, त्याने मालकी शाबीत होत नाही, मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र दाखवा. कोणी ऐकत नाही. मग अलेफ साहेब, विश्वास म्हणजे सातबारा, असं म्हणायचं का? कोर्टात टिकायचा नाही.

(मी ख्रिस्ती नाही, भावाने लिंक पाठवली म्हणून वाचलं. चूकभूल द्यावी घ्यावी.)

अलेफ:
काका, इतर हक्काचं अचूक पकडलंत. मात्र एक फरक आहे. इथे पपायरसवाला अर्थच घ्यावा लागतो असं नाही. इब्री पत्राचा लेखक सतत ग्रीक जुना करार उद्धृत करतो, त्यामुळे तिथे हा शब्द कसा येतो हे आधी बघायला हवं. दोन जागा सांगतो. रूथ १:१२ मध्ये नामी सुनांना म्हणते, "मला आशा आहे असे मी म्हटले तरी". मूळ हिब्रूत तिथे आशा, आणि ग्रीक भाषांतरकाराने हुपोस्तासिस लिहिलंय. दुसरी जागा स्तोत्र ६९:२. स्तोत्रकर्ता खोल चिखलात रुततोय आणि पाय ठेवायला जागा नाही. ती पाय ठेवायची जागा म्हणजे हुपोस्तासिस. हुपो म्हणजे खाली, स्तासिस म्हणजे उभं राहणं. पायाखाली जे उभं आहे ते.

पाणवठा:
रूथचा दाखला माझ्याच बाजूचा झाला की. आशा ही मनातलीच असते.

गिरिज_वसई:
आणि स्तोत्र ६९ माझ्या बाजूचं. चिखलात बुडणाऱ्याला भरवसा कितीही असू दे, खाली खडक नसेल तर तो बुडणारच.

अलेफ:
तुम्ही दोघं दाखले वाटून घेताय. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

दहाव्या अध्यायाच्या शेवटापासून सलग वाचलं तर शब्द मोकळा होतो. १०:३४ मध्ये वाचकांची मालमत्ता लुटली गेलीय, आणि ती त्यांनी आनंदाने सोसली, कारण आपल्याजवळ अधिक चांगली, टिकणारी मालमत्ता आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग १०:३८-३९ मध्ये हबक्कूकचं वचन येतं: नीतिमान विश्वासाने जगेल, आणि जो माघार घेईल त्याच्याविषयी देवाला संतोष नाही. 'माघार' साठी ग्रीक शब्द हुपोस्तोले. लगेच पुढच्या वचनात हुपोस्तासिस. हे जोडशब्द ऐकणाऱ्याच्या कानात वाजले असणार. एक मागे सरकतो, दुसरा जागेवर उभा राहतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोमच्या पुलावर एकट्याने शत्रू अडवणाऱ्या होरातियसविषयी लिहिताना हाच शब्द वापरलाय. शत्रू चकित झाले ते त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या हुपोस्तासिसने, म्हणजे पाय रोवून उभं राहण्याने.

म्हणून मला ३:१४ मध्ये आणि ११:१ मध्ये 'ठाम उभं राहणं' जवळचं वाटतं. नुसत्या 'भरवसा'त ते उभं राहणं दिसत नाही, आणि 'तत्त्व' म्हटलं की तो लुटला गेलेला माणूस दिसत नाही.

शांतवन ताई, तुमच्या वक्त्यांचं उत्तरही याच अध्यायात आहे. दस्त म्हणजे मागितलेलं घर ताब्यात येणार असं असेल, तर अब्राहाम वचनदत्त देशात तंबूत का राहिला (११:९)? पुढे करवतीने चिरलेले, गुहांत आणि विवरांत राहिलेले लोक आहेत, आणि ११:३९ म्हणतं की या सगळ्यांना वचनाप्रमाणे फलप्राप्ती झाली नाही. विश्वासाची उदाहरणं म्हणून लेखकाने हीच माणसं निवडली आहेत.

देवाची_लेकरू:
म्हणजे आमचं घर विश्वासाने झालं नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

अलेफ:
नाही हो ताई, तसं मुळीच नाही. त्याच अध्यायात तटबंदी पडलेलेही आहेत आणि सिंहांची तोंडं बंद केलेलेही आहेत. तुम्ही देवाचे आभार माना. ज्यांचं झालं नाही त्यांना या वचनावरून 'तुमचा विश्वास कमी पडला' असं सांगता येत नाही, एवढंच.

शांतवन:
हे शेवटचं वाक्य मला हवं होतं. आमच्या शेजारच्या बाईंना नेमकं तेच ऐकवलं गेलंय, नवरा गेल्यावर. बुधवारच्या बायबल अभ्यासात १०:३४ पासून वाचायला घेते.

निवृत्त तलाठी:
वहिवाट आईबापाची, मालकी पुढे मुलांची, आणि नोंद आजच, हा भाग मला तुमच्या विषयाला फार लागू वाटतो. मिळालेलं नाही, पण नोंद आहे. बघा बुवा, तुम्ही जाणकार.

पाणवठा:
काकांचं पटलं. गिरिज, एक मात्र सांगा. विश्वास हेच जर आशा धरलेल्या गोष्टींचं तत्त्व असेल, तर माझा विश्वास डळमळला की त्या गोष्टीही डळमळल्या का? स्वर्गीय नगर माझ्या विश्वासावर उभं आहे का?

गिरिज_वसई:
नाही. नगराचा बांधणारा देव आहे, ११:१० वाचा. ते माझ्यात उतरतं ते विश्वासाच्या रूपाने, एवढाच दावा आहे.

पाणवठा:
मग 'माझ्यात' म्हणालातच. ते तुमच्यात उतरलंय हे कशावरून कळतं, भरवशाशिवाय?

गिरिज_वसई:
लुटून नेलं तरी माणूस उभा राहतो, त्यावरून. तुम्ही त्याला भरवसा म्हणता, मी अजून म्हणत नाही.